प्रोग्राम चित्र कसं ‘पाहतो’? दहा वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीवर समजावण्याची पद्धत

“कॅमेरा म्हणजे कम्प्युटरचा डोळा” या वाक्याने बहुतेक जण सुरुवात करतात, आणि घोळ तिथेच होतो. मुलाच्या मनात लगेच ठसतं की प्रोग्रामला आपल्यासारखंच दिसतं, फक्त जास्त भराभर. मग पुढे कितीही सांगा, ‘त्याला चित्र दिसत नाही, आकडे मिळतात’ हे त्याच्या गळी उतरत नाही. दुसरे काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि पहिल्या पाच मिनिटांत पिक्सेल, तांबडा-हिरवा-निळा, शून्य ते दोनशे पंचावन्न असं सगळं ओततात. माझ्या भाचीच्या बाबतीत मी हेच केलं होतं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “मामा, पण मग त्या आकड्यांना कोण बघतं?” प्रश्न अगदी बरोबर होता, आणि मी सांगितलेल्या कशातच त्याचं उत्तर नव्हतं.

खालचा क्रम त्यानंतर बसवलेला आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी की मुलाने प्रोग्रामबद्दल ऐकायचं नाही, त्याने स्वतः प्रोग्राम व्हायचं. चित्र न बघता नुसत्या आकड्यांवर काम करताना तो जिथे अडतो, तिथेच प्रोग्रामही अडतो.

## तयारी

सामान घरातलंच लागतं: गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, कात्री, जुनं वर्तमानपत्र, एक कोरा पांढरा कागद आणि फोन.

एका पुठ्ठ्यात आधीच एक खिडकी कापून ठेवा. तिच्यातून वहीची बरोबर तीन बाय तीन, म्हणजे नऊ घरं दिसली पाहिजेत. खिडकी थोडी मोठी झाली की मूल दहावं-अकरावं घरही मोजतं आणि बेरजा चुकतात, म्हणून ती आधी वहीवर ठेवून तपासा. दुसऱ्या पुठ्ठ्याला एकमेकांपासून चार-पाच सेंटिमीटरवर दोन भोकं पाडा. पेन्सिलीच्या जाडीची पुरतात.

सगळं एका बैठकीत उरकायला जाऊ नका. पहिले तीन टप्पे एका दिवशी आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी घ्या. चौथ्या टप्प्यापासून बेरजा-वजाबाक्या येतात आणि दमलेलं मूल त्या यांत्रिकपणे करून टाकतं.

## टप्पा १ : आधी आपला डोळा

हा टप्पा वगळण्याचा मोह होतो, कारण डोळ्याबद्दल काय सांगायचं, तो तर सगळ्यांनाच आहे. पण आपला डोळा कॅमेरा नाही हे आधी कळलं नाही, तर पुढची तुलना कशाशी करायची?

वर्तमानपत्र टेबलावर पसरा. मुलाला एका बातमीच्या मधल्या एका शब्दावर नजर रोखायला सांगा. नजर जराही न हलवता त्याच्या उजवीकडे चार बोटांवर असलेला शब्द वाचायला सांगा. वाचता येत नाही. तिथे काहीतरी काळं-पांढरं आहे एवढंच कळतं.

तपासा : या वेळी तुम्ही समोर बसून मुलाच्या बुबुळांकडे बघत राहा. बहुतेक मुलं पहिल्या खेपेला शब्द वाचून दाखवतात, कारण नजर नकळत तिकडे उडी मारते. “आत्ता डोळा हलला” असं सांगून पुन्हा करायला लावा. ती उडी मुलाला स्वतःला जाणवली की टप्पा जमला.

मग सांगायचं ते इतकंच. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला स्पष्ट दिसतं. बाकी सगळं पुसट असतं. आपले डोळे एका सेकंदात साधारण तीन वेळा उड्या मारत इकडचा-तिकडचा तुकडा टिपतात आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवून ‘पूर्ण चित्र दिसतंय’ असं आपल्याला वाटायला लावतो. कुठे उडी मारायची हेही मेंदूच ठरवतो. चेहरा असला की आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे.

इथे डोळ्यातल्या अंधबिंदूचा प्रयोग दाखवावासा वाटेल. मुलांना तो फार आवडतो. पण त्यात अर्धा तास जातो आणि विषय डोळ्याकडेच राहतो, म्हणून तो दुसऱ्या सुट्टीसाठी ठेवा.

## टप्पा २ : चित्राचे आकडे करा

वहीत सहा बाय सहा घरांचा चौकोन आखा. त्यात मुलाला एक काना काढायला सांगा: डावीकडून तिसरी उभी रांग घ्यायची आणि तिच्यातली वरून दुसऱ्या घरापासून पाचव्यापर्यंतची चार घरं काळी करायची. बाकी घरं कोरी राहतील.

आता प्रत्येक घराला आकडा द्यायचा. पूर्ण काळ्या घराला ०, पूर्ण पांढऱ्याला ९, मधल्या करड्या छटांना मधले आकडे. दुसऱ्या पानावर नुसते आकडे लिहून काढा:

```
९ ९ ९ ९ ९ ९
९ ९ ० ९ ९ ९
९ ९ ० ९ ९ ९
९ ९ ० ९ ९ ९
९ ९ ० ९ ९ ९
९ ९ ९ ९ ९ ९
```

इथे हमखास होणारी चूक : मुलं काळ्याला मोठा आकडा देतात. पेन्सिल जास्त घासली म्हणजे जास्त, असा त्यांचा हिशेब असतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण आकडा पेन्सिलीचा नाही, उजेडाचा आहे. त्या घरातून किती उजेड आला ते मोजायचं. काळोखातून काहीच येत नाही, म्हणून शून्य. हे इथेच स्पष्ट झालं नाही तर सहाव्या टप्प्यातली सावली उलटी समजते.

खऱ्या फोटोत ० ते ९ ऐवजी बहुधा ० ते २५५ असे आकडे असतात आणि रंगीत फोटोत एका घराला तीन आकडे लागतात: तांबड्या, हिरव्या आणि निळ्या उजेडाचा एकेक. हे एका वाक्यात सांगून पुढे जा. घराला पिक्सेल म्हणतात हेही आत्ता सांगायला हरकत नाही, कारण मुलाने ते हाताने काढलेलं आहे. आपला चौकोन ३६ घरांचा आहे. आडवी ४००० आणि उभी ३००० घरं असलेल्या फोनच्या फोटोत अशी १ कोटी २० लाख घरं असतात.

सावधान : ‘फोटो मोठा कर, चौकोन दिसतील’ असं सांगून फोन हातात देऊ नका. फोनमधली बरीच ॲप मोठं करताना चौकोनांच्या कडा मऊ करून टाकतात, त्यामुळे मुलाला फक्त धूसर फोटो दिसतो आणि तुमच्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास उडतो. स्क्रीनवर पाण्याचा थेंब ठेवून दिसणारे तांबडे-हिरवे-निळे ठिपके सुंदर असतात, पण ते स्क्रीनचे ठिपके आहेत, फोटोतली घरं नव्हेत. या दोन्हींची गल्लत मोठी माणसंही करतात.

## टप्पा ३ : मूल प्रोग्राम होतं

आता वेगळा आकडेकागद तुम्ही मुलाला न दाखवता करा. त्यात तोच काना असला तरी चालेल, त्याला ते माहीत नसतं. मुलाला पाठ करून बसवा आणि हातात कोरा कागद द्या. तुम्ही आकडे एका संथ, सपाट लयीत वाचायचे, ओळ संपली तरी न थांबता: नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, शून्य, नऊ, नऊ… असे छत्तीस आकडे. मुलाने ते एकापुढे एक लिहून घ्यायचे.

मग विचारा: चित्र कशाचं आहे?

उत्तर येत नाही. चार शून्यं आहेत, बाकी नऊच नऊ आहेत, याच्यापुढे काही सांगता येत नाही. इथे घाई करू नका, त्याला थोडा वेळ चुळबुळ करू द्या. माझी भाची म्हणाली होती, “एका ओळीत किती ते तर सांग!” नेमकी हीच गोष्ट तिच्या तोंडून यायला हवी होती.

आता सांगा, ‘एका ओळीत सहा.’ मूल सहा-सहाच्या ओळी पाडतं आणि काना उभा राहतो. त्यानंतर तेच छत्तीस आकडे एका ओळीत नऊ असे मांडायला सांगा:

```
९ ९ ९ ९ ९ ९ ९ ९ ०
९ ९ ९ ९ ९ ० ९ ९ ९
९ ९ ० ९ ९ ९ ९ ९ ०
९ ९ ९ ९ ९ ९ ९ ९ ९
```

आकडे तेच, क्रमही तोच, आणि काना गायब. चार ठिपके विखुरलेले.

प्रोग्रामच्या हाती येते ती ही अशी लांबलचक माळ आणि सोबत ‘एका ओळीत किती’ हा एक आकडा. अमक्या घराच्या खाली कोणतं घर आहे, हे त्याला मोजून काढावं लागतं. आपल्याला ‘खाली’ शोधावं लागत नाही, कारण डोळ्याच्या पडद्यावर शेजारच्या गोष्टी शेजारीच पडतात.

तपासा : भाचीने विचारलेला प्रश्न आता मुलाला विचारा: ‘आकड्यांना कोण बघतं?’ ‘कोणीच बघत नाही, त्यांचा हिशेब होतो’ अशा अर्थाचं उत्तर आलं की पहिला दिवस संपवा. ‘आतला कम्प्युटर बघतो’ असं आलं तर हाच टप्पा दुसरं चित्र घेऊन पुन्हा करा. पुढे जाऊन उपयोग नाही.

## टप्पा ४ : काना एक घर सरकवा

दुसऱ्या दिवसाची सुरुवात एका पैजेने करा. सहा बाय सहाचे तीन चौकोन आखा. पहिल्यात कालचाच काना. दुसऱ्यात तोच काना, पण एक घर उजवीकडे, म्हणजे चौथ्या रांगेत. तिसरा पूर्ण कोरा. विचारा: पहिल्या चित्रासारखं जास्त कोणतं, दुसरं की तिसरं?

मूल हसून दुसऱ्याकडे बोट दाखवतं. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा असतो.

आता त्याला प्रोग्राम करा. नियम असा: पहिल्या चित्रातलं प्रत्येक घर दुसऱ्या चित्रातल्या त्याच जागच्या घराशी ताडायचं आणि आकडा वेगळा असला की फुली मारायची. पहिलं आणि दुसरं ताडलं की आठ फुल्या येतात, चार जिथे काना होता तिथे आणि चार जिथे तो गेला तिथे. पहिलं आणि कोरं ताडलं की फक्त चार येतात.

म्हणजे या नियमाने चालणारा प्रोग्राम म्हणतो की कान्यासारखा जास्त दिसतो तो कोरा कागद!

भाची या जागी चिडली होती. “मामा, पण रेघ तर तीच आहे ना!” हो, रेघ तीच आहे. पण ‘रेघ’ ही गोष्ट आकड्यांत कुठेच लिहिलेली नाही. ती आपल्या डोक्यात आहे. आपण एक घर सरकलेली, दहा घरं सरकलेली, थोडी वाकडी अशी कुठलीही रेघ रेघच मानतो, आणि ते इतक्या सहज होतं की त्यात काही काम आहे असं वाटतही नाही.

सावधान : ‘बघ, कम्प्युटर किती मूर्ख असतो’ असं इथे म्हणू नका. मूल खूश होतं, पण चुकीचं शिकतं. इथे फसला तो घरागणिक ताडण्याचा नियम. नियम बदलला तर निकाल बदलेल, आणि पुढच्या टप्प्यात तेच करायचं आहे.

## टप्पा ५ : पुठ्ठ्याची खिडकी

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. बाकी काही कमी पडलं तरी चालेल.

पुठ्ठ्याची खिडकी पहिल्या आकडेकागदावर ठेवा. नियम: खिडकीतल्या डाव्या उभ्या रांगेतल्या तीन आकड्यांची बेरीज करा, उजव्या रांगेतल्या तीनची करा आणि मोठीतून लहान वजा करा. मधली रांग सोडून द्यायची. आलेलं उत्तर लिहून खिडकी एक घर उजवीकडे सरकवायची.

दुसऱ्या ते चौथ्या आडव्या ओळीवर खिडकी ठेवून हे पूर्ण करू या.

खिडकी अगदी डावीकडे असताना तिच्यात पहिली ते तिसरी रांग दिसते. डावीकडे ९ + ९ + ९ = २७, उजवीकडे काना आहे म्हणून ०. उत्तर २७.

एक घर सरकवा. आता काना खिडकीच्या बरोबर मध्ये आहे. डावीकडे २७, उजवीकडेही २७. उत्तर ०.

आणखी एक घर. आता काना डावीकडे आला, म्हणून ० आणि २७. उत्तर २७.

शेवटचं घर. दोन्हीकडे कोरा कागद. उत्तर ०.

दुसऱ्या उत्तरापाशी थांबा. काना खिडकीच्या मधोमध असताना उत्तर शून्य कसं? मुलाला वाटतं आपली बेरीज चुकली. पण ही खिडकी रेघ शोधतच नाही, ती कड शोधते. एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला काळोख असेल तिथेच मोठा आकडा येतो. कान्याला दोन कडा आहेत, डावी आणि उजवी, म्हणून दोन वेळा २७. ‘कड’ हा शब्द मुलाच्या तोंडी बसू द्या.

खिडकी वर-खाली सरकवत सगळीकडे हेच केलं की उत्तरांचा हा चौकोन मिळतो:

```
१८ ० १८ ०
२७ ० २७ ०
२७ ० २७ ०
१८ ० १८ ०
```

वरच्या आणि खालच्या ओळीत १८ आहेत, कारण तिथे खिडकीत कान्याची दोनच घरं सापडतात. चौकोन चार बाय चारचा झाला, कारण तीन घरांची खिडकी सहा घरांत चारच जागी बसते.

इथे होणाऱ्या चुका : मूल खिडकी एकदम तीन घरं सरकवतं. एकेकच सरकवायला लावा, नाहीतर एखादी कड दोन मुक्कामांच्या मध्ये सुटते. दुसरी चूक म्हणजे खिडकी चौकोनाबाहेर लोंबू देणं. बाहेर आकडेच नाहीत, मग बेरीज कशाची करणार?

आता सरकवलेल्या कान्यावर तीच खिडकी चालवा. मधल्या ओळीत उत्तरं येतात ०, २७, ०, २७. कोऱ्या कागदावर सगळीकडे ०. मुलाला विचारा, आता कान्यासारखं जास्त कोण? दोन्ही कान्यांत ‘२७, ०, २७’ ही तिकडी सापडते, फक्त एक घर पुढे-मागे. कोऱ्या कागदात ती कुठेच नाही. मघाचा तंटा मिटला.

मुलाला उत्साह असेल तर तिसऱ्या ओळीत चार घरांची आडवी रेघ काढून तिच्यावर खिडकी चालवू द्या. २७ कुठेच येत नाही. रेघेच्या टोकांपाशी तेवढे ९ येतात. आडव्या रेघेसाठी वरची ओळ आणि खालची ओळ ताडणारी वेगळी खिडकी लागेल, हे बरीच मुलं इथे स्वतःहून सांगतात. चित्रं ओळखणाऱ्या बऱ्याच प्रोग्राममध्ये अशाच लहान खिडक्या असतात, एक-दोन नव्हे तर शेकडो, आणि एका थरातल्या खिडक्यांची उत्तरं पुढच्या थरातल्या खिडक्यांना आकडे म्हणून मिळतात. कडांवरून कोपरे, कोपऱ्यांवरून आकार असं ते चढत जातं. आपल्या मेंदूतही कडांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरांच्या मेंदूवर काम करून ते दाखवलं आणि १९८१चं नोबेल त्यांना त्यातूनच मिळालं. म्हणून ‘प्रोग्राम आणि डोळा यांच्यात काहीच सारखं नाही’ असं मुलाला सांगू नका. कडा शोधणं दोघांनाही लागतं.

## टप्पा ६ : सावली

खोलीच्या खिडकीतून उजेड येत असताना कोरा पांढरा कागद टेबलावर ठेवा आणि एक पुस्तक उभं धरून कागदाच्या अर्ध्या भागावर सावली पाडा. विचारा, कागदाचा रंग कोणता? ‘पांढरा.’ सावलीतला भाग? ‘तोही पांढराच, सावली पडलीय.’

आता फोटो काढा. दोन्ही भाग एकाच फोटोत घ्या. वेगवेगळे काढले तर फोन प्रत्येक फोटोचा उजेड आपोआप सावरून घेतो आणि फरक बराच पुसला जातो. फोटो स्क्रीनवर उघडून त्यावर दोन भोकांचा पुठ्ठा असा ठेवा की एक भोक उजेडातल्या कागदावर येईल आणि दुसरं सावलीतल्या. पुठ्ठ्याने बाकी सगळं झाकलं गेलं की एक भोक पांढरं दिसतं आणि दुसरं स्पष्ट करडं. पुठ्ठा काढला की पुन्हा दोन्ही भाग पांढरे वाटायला लागतात!

तपासा : दोन्ही भोकं सारखीच दिसत असतील तर सावली फिकट आहे. पुस्तक कागदाच्या आणखी जवळ आणा आणि खोलीतले दिवे बंद करा.

प्रोग्रामला मिळतात ते भोकांतले रंग. आपला मेंदू आजूबाजूचं बघून ‘इथे उजेड कमी आहे’ हे वजा करून टाकतो आणि आपल्याला कागदाचा रंग सांगतो, उजेडाचा आकडा नाही. १९९५मध्ये एडवर्ड एडल्सन यांनी याच गोष्टीवर बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र तयार केलं. त्यात सावलीतलं पांढरं घर आणि उजेडातलं काळं घर यांची छटा तंतोतंत सारखी आहे, तरी डोळा ते मानायला तयार होत नाही. ते मिळालं तर त्यावरही हाच पुठ्ठा ठेवून बघा.

मग वहीकडे परत या. अख्खा काना सावलीत ठेवला असं समजा: पांढऱ्या घरांचे ९ उतरून ४ झाले आणि काळी घरं ० राहिली. घरागणिक ताडलं तर ३६पैकी ३२ घरांवर फुली! खिडकी चालवली तर मधल्या ओळीत १२, ०, १२, ०. आकडे लहान झाले, पण नक्षी तीच राहिली. इथे मुलाला एक निर्णय घ्यायला लावा: ‘मोठा’ कशाला म्हणायचं? भाचीने दहा ठरवला, म्हणजे १२ पास आणि आडव्या रेघेच्या टोकाचा ९ नापास. छान. पण सावली आणखी गडद होऊन पांढऱ्याचे ३ झाले, तर उत्तर येतं ९, आणि तिचा प्रोग्राम म्हणतो काना नाही. आपल्याला तो काना अजून व्यवस्थित दिसत असतो.

आता उलटं. कोऱ्या कागदाच्या डाव्या तीन रांगा उजेडात, ९. उजव्या तीन सावलीत, ४. खिडकी चालवा: ०, १५, १५, ०. दहाच्या वर आकडा आला, म्हणजे कड सापडली. कागदावर तर काहीच नाही. प्रोग्रामला सापडलेली कड सावलीची आहे की वस्तूची, हे त्या नऊ घरांतून कळायला मार्ग नाही. रस्त्यावर झाडाची सावली पडली की आपण ती न बघितल्यासारखी ओलांडून जातो. प्रोग्रामला तेवढंसुद्धा शिकवावं लागतं.

## टप्पा ७ : नाव कुठून येतं

हा टप्पा थोडक्यात आटपा. वर ‘२७, ०, २७’ हा नियम आपण ठरवला. गाय ओळखायचा नियम असा कोणी हाताने लिहीत नाही. हजारो फोटो आणि प्रत्येकासोबत ‘गाय आहे’, ‘गाय नाही’ एवढंच प्रोग्रामला देतात. प्रोग्राम अंदाज करतो, चुकतो, आणि खिडक्यांमधल्या हिशेबाचे आकडे थोडे-थोडे बदलले जातात. असं होत होत चुका कमी होतात. शेवटी तो ‘गाय’ म्हणत नाही. तो प्रत्येक नावापुढे गुण मांडतो आणि ज्याचे गुण जास्त ते नाव आपल्याला दाखवलं जातं.

एका मासिकातला हिरव्या कुरणातल्या गाईचा फोटो घ्या, गाय अंगठ्याने झाका आणि विचारा, इथे काय असेल? मूल सांगतं, ‘गाय नाहीतर म्हैस.’ गवतावरून अंदाज बांधला. प्रोग्रामही हेच शिकून बसतो, कारण गाईच्या बहुतेक फोटोंत गवत असतं आणि ‘गवत मोजू नकोस’ असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवलं की कुरणातल्या गाई बरोबर ओळखणारा प्रोग्राम समुद्रकिनाऱ्यावरच्या गाईपाशी चुकतो. गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूत बसलेल्या गाई ज्या मुलाने पाहिल्या आहेत, त्याला हे सांगून बघा.

सावधान : ‘प्रोग्रामला गाय माहीत आहे’ असं बोलू नका. ‘गाईला जास्त गुण दिले’ असं बोला. शब्दाचा फरक लहान आहे, पण मुलं शब्द जसेच्या तसे उचलतात.

## खरे आकडे बघायचे असतील तर

घरच्या कम्प्युटरवर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं चित्रं हाताळणारं पिलो हे पॅकेज असेल, तर टप्पा सहामधल्या फोटोचे आकडे मुलाला दाखवता येतात. हे काम मोठ्यांनी करायचं:

```python
from PIL import Image
img = Image.open("photo.jpg").convert("L").resize((12, 12))
for y in range(12):
    print(*[img.getpixel((x, y)) for x in range(12)])
```

बारा ओळी येतील, प्रत्येकीत बारा आकडे, ० काळा आणि २५५ पांढरा. फोटो आधी कापून त्यात फक्त कागद ठेवा, नाहीतर टेबलाचे आकडे मिसळतात आणि मुलाला सावलीची सीमा सापडत नाही. पांढऱ्या कागदाला २५५ मिळत नाहीत याचं आश्चर्य वाटू देऊ नका, खोलीतल्या उजेडात ते बरेच कमी येतात. मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि सावली कुठून सुरू होते, तिथे आकड्यांमधून रेघ मारायला सांगा.

## दुसऱ्या दिवशीची तपासणी

‘काय शिकलास?’ असं विचारू नका. घरातल्या आजीला किंवा धाकट्या भावंडाला समजावून सांगायला लावा आणि तुम्ही नुसतं ऐका. ‘प्रोग्रामला अंधारात दिसत नाही’ असं काही आलं तर सहावा टप्पा पुन्हा घ्या. ‘प्रोग्राम चित्र लक्षात ठेवतो आणि जुळवतो’ असं आलं तर चौथा. भाचीने आजीला पाठ करून बसवलं, छत्तीस आकडे वाचून दाखवले आणि आजी वैतागून “अगं, ओळ कुठे तोडू?” म्हणाली, तेव्हा मी तिला आणखी काही विचारलं नाही.